मुलाखतीनंतरचा आभाराचा मेल आणि त्यानंतरची शांतता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आठ वर्षं भरतीचं काम केलं. म्हणजे उमेदवार ज्या मेलची वाट बघत बसतात, तो मेल पाठवायचं काम माझं होतं, आणि कितीतरी वेळा तो मी पाठवला नाही. पुढे स्वतः नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा तीच शांतता माझ्याही वाट्याला आली. दोन्ही बाजूंनी पाहिलेलं इथे लिहिते आहे. मध्ये एक उदाहरण येईल, खात्यांच्या म्हणजे अकाउंट्सच्या जागेचं. तेच शेवटपर्यंत सोबत घेऊन जाऊ.

मुलाखतीनंतर आभाराचा मेल पाठवलाच पाहिजे का? त्याने निकाल बदलतो का?

पाठवला नाही म्हणून कोणाला नाकारलेलं मी पाहिलं नाही. पाठवला म्हणून नको असलेला माणूस घेतलेलाही पाहिलं नाही. मग त्याचा उपयोग कुठे? दोन ठिकाणी. एक, दोन उमेदवार अगदी जवळजवळ असतील आणि बैठकीत कोणाबद्दल काय बोलायचं ते मुलाखत घेणाऱ्याला आठवत नसेल, तेव्हा. दिवसभरात पाच जणांशी बोललेल्या माणसाच्या डोक्यात संध्याकाळी चेहरे आणि उत्तरं यांची सरमिसळ झालेली असते. दोन, मुलाखतीत एखादं उत्तर अर्धवट राहिलं असेल तर ते पूर्ण करायची ती एकमेव जागा असते. हा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे, आणि बहुतेक लोक तोच वाया घालवतात.

कधी पाठवायचा?

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत. मुलाखत घेणाऱ्यांना प्रत्येक उमेदवाराबद्दल एक फॉर्म भरून द्यायचा असतो, आणि तो साधारण एक-दोन दिवसांत भरला जातो. फॉर्म भरून झाल्यावर आलेला मेल वाचला जातो, पण फॉर्म कोणी पुन्हा उघडत नाही.

खोलीतून बाहेर पडल्यावर पाचव्या मिनिटाला लिफ्टमधून पाठवू नका. तो आधीच लिहून ठेवलेला वाटतो, आणि बहुतेक वेळा असतोही.

त्यात नेमकं काय लिहायचं?

आधी काय लिहायचं नाही ते सांगते, कारण ते सोपं आहे. ‘आपण आपला बहुमूल्य वेळ दिलात, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी माझे सर्वस्व देईन’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की पहिले तीन शब्द दिसताच नजर खाली घसरायची. त्यात काही चूक नाही, पण ते कोणीही कोणालाही पाठवू शकतं.

आता उदाहरण. एक उमेदवार होती, खात्यांचं काम करणारी. मुलाखतीत तिला विचारलं, “महिनाअखेरीला पुरवठादाराने पाठवलेल्या खात्यातली बाकी आणि आपल्याकडची बाकी जुळली नाही, तर आधी काय बघाल?” ती म्हणाली, कुठलं पेमेंट नोंदवायचं राहिलंय का ते बघेन, आणि एखादं बिल दोनदा पडलंय का तेही. उत्तर बरोबर होतं, पण मॅनेजर आणखी एका गोष्टीची वाट बघत होता. ती तिला जिन्यात आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेल आला:

> नमस्कार,
> काल वेळ दिल्याबद्दल आभार. महिना बंद करताना तुमच्या टीमवर येणारा ताण तुम्ही मोकळेपणाने सांगितलात, त्यामुळे कामाचं नेमकं स्वरूप कळलं.
> बाकी न जुळण्याच्या प्रश्नावर एक गोष्ट सांगायची राहिली. माल गोदामात आला आहे पण बिल अजून आपल्याकडे नोंदलेलं नाही, अशा पावत्यांची यादी मी सगळ्यात आधी काढते. सध्याच्या कामात माझ्याकडे येणारे बरेचसे फरक तिथेच सापडतात.
> आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवा.

एवढंच. आभार एका वाक्यात, आणि तेही एका खऱ्या गोष्टीबद्दल. मग राहिलेला मुद्दा. मग शेवट. सात-आठ ओळींपुढे जायचं कारण नाही. राहिलेला मुद्दा नसेल तर मुलाखतीत जे बोलणं खरंच रंगलं त्याचा एक धागा घ्या. तोही नसेल तर तीन ओळींचे साधे आभार पुरतात. ओढूनताणून काही चिकटवलेलं लगेच कळतं.

मेलची भाषा मुलाखत ज्या भाषेत झाली तीच ठेवा. सोबत पुन्हा बायोडेटा जोडायची गरज नाही. पगाराचा विषय या मेलमध्ये काढू नका. भेटवस्तू तर नाहीच नाही, ती घेणाऱ्याला अडचणीत टाकते.

मुलाखत घेणारे चौघं होते, आणि कोणाचाच मेल आयडी नाही.

मग रिक्रूटरला लिहा आणि ‘हे टीमपर्यंत पोचवाल का’ असं विचारा. रिक्रूटरला यात काही त्रास नसतो, एक ‘फॉरवर्ड’ दाबायचं असतं. मुलाखतीचं बोलावणं ज्या धाग्यात आलं त्यालाच उत्तर द्या, म्हणजे जागेचं नाव, तारीख सगळं खाली आपोआप दिसतं. कंपनीच्या मेलची पद्धत ओळखून अंदाजाने आयडी बनवणारे उमेदवार मी पाहिलेत. कल्पकता चांगली, पण एकदा असा मेल त्याच नावाच्या भलत्याच माणसाकडे गेला होता.

चौघांचेही आयडी असतील तर प्रत्येकाला वेगळं लिहा किंवा सगळ्यांना मिळून एकच लिहा. एकच मजकूर चार वेळा वेगवेगळा पाठवू नका. ते शेजारी बसतात.

पाठवल्यावर लक्षात आलं की नाव चुकलं. आता?

नाव चुकलं असेल तर एका ओळीचा मेल: ‘आधीच्या मेलमध्ये आपलं नाव चुकीचं लिहिलं गेलं, क्षमस्व.’ शुद्धलेखनाची चूक असेल तर सोडून द्या.

‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ म्हणाले होते. आठवडा उलटला. कधी विचारू?

त्यांनी दिलेल्या तारखेनंतर कामाचे दोन दिवस जाऊ द्या, मग विचारा. तारीखच दिली नसेल तर मुलाखतीपासून कामाचे सात-आठ दिवस धरा. आणि पुढच्या वेळी मुलाखत संपताना स्वतःहून विचारा, “साधारण कधीपर्यंत कळेल, आणि तोपर्यंत कळलं नाही तर कोणाला विचारू?” त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा. एकदा समोरच्यानेच ‘मला मेल करा’ म्हटलं की पुढचा मेल लिहिताना आपण कोणाच्या मागे लागलोय असं वाटत नाही.

आपल्या उमेदवाराची मुलाखत मंगळवारी, 4 तारखेला झाली. ‘पुढच्या आठवड्याच्या अखेरीस’ म्हणजे शुक्रवार, 14 तारीख. तिने मंगळवारी 18 तारखेला लिहिलं. सोमवारी सकाळी लिहिलं नाही, हेही बरं केलं. सोमवारच्या ढिगात मेल खाली दबतो.

त्या मेलमध्ये काय लिहू? ‘काही अपडेट?’ एवढं पुरे का?

‘काही अपडेट?’ याला उत्तर द्यायला रिक्रूटरला आधी तुम्ही कोण, कुठली जागा, कुठला टप्पा हे शोधावं लागतं. एका वेळी पंधरा-वीस जागा हाताशी असताना असा मेल ‘नंतर बघू’च्या ढिगात जातो. आणि नंतर बघणं होत नाही. तिने लिहिलं होतं:

> नमस्कार,
> खाते सहायक पदासाठी 4 तारखेला माझी मुलाखत झाली होती. 14 पर्यंत कळेल असं आपण म्हणाला होता, म्हणून विचारते आहे. या जागेत मला अजूनही रस आहे. माझा नोटीस पीरियड 30 दिवसांचा आहे. निर्णय लांबला असेल तर नवीन अंदाजे तारीख कळवाल का?

शेवटचा प्रश्न नीट बघा. ‘माझं झालं का?’ असं विचारलं की रिक्रूटर अडकतो, कारण निकाल सांगायचा अधिकार बहुधा त्याच्याकडे नसतो. तारीख विचारली तर तो निदान उत्तर देऊ शकतो.

आणि तरीही उत्तर आलं नाही. तिकडे नेमकं चालू काय असतं?

ही जागा मीच बघत होते, म्हणून त्या दिवसांचं माझ्या बाजूचं कॅलेंडर सांगते.

तिच्यानंतर आणखी एक उमेदवार होता, त्याची मुलाखत गुरुवारी, 6 तारखेला झाली. शुक्रवारी मॅनेजर रजेवर. सोमवारी, 10 तारखेला सगळे बसले आणि क्रम लागला: पहिला तो गुरुवारचा उमेदवार, दुसरी ती. मॅनेजर त्या बैठकीत म्हणाला, “बिल न आलेल्या मालाचा मुद्दा तिने नंतर लिहून पाठवला.” त्या एका वाक्यावर ती तिसरीची दुसरी झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तिच्याबद्दल बोलायला काहीतरी होतं एवढं खरं. मंगळवारी मी पगाराच्या आकड्याची मंजुरी मागितली. सही शुक्रवारी, 14 तारखेला आली, म्हणजे आम्ही तिला दिलेली तारीख त्या सहीतच संपली. सोमवारी पहिल्याला ऑफर गेली. त्याने विचार करायला वेळ मागितला.

आणि मंगळवारी, 18 तारखेला तिचा मेल आला.

आता मी काय लिहू? ‘तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, पहिला नाही म्हणाला तर तुम्ही’? असं कोणी लिहीत नाही. नकार द्यावा तर तो खरा नव्हता, आणि सोमवारी तीच हवी झाली असती तर? म्हणून मी काहीच लिहिलं नाही. उमेदवाराला जी शांतता अपमानासारखी लागते ती पुष्कळदा अशी असते: निर्णय झालेला असतो, पण तो तुमच्याबद्दलचा नसतो. ‘प्रक्रिया अजून चालू आहे, 25 पर्यंत नक्की कळवते’ एवढं मला लिहिता आलं असतं. ते खरंही होतं आणि त्याने कोणाचं काही उघडंही पडलं नसतं. मी लिहिलं नाही, हा आळस होता, बाकी काही नाही.

सोमवारी, 24 तारखेला पहिल्याने नकार कळवला. त्याच्या आधीच्या कंपनीने पगार वाढवून त्याला ठेवून घेतलं होतं. मंगळवारी मी तिला फोन केला.

हे उदाहरण वाचून ‘म्हणजे शांतता म्हणजे अजून आशा’ असा अर्थ काढू नका. बहुतेक वेळा पहिला माणूस हो म्हणतो, आणि मग दुसऱ्याला कळवायचं राहून जातं. तेव्हा शांतता दिसायला अगदी तशीच असते. जागाच गोठवली जाणं, मॅनेजर बदलणं, आतल्याच कोणाला ती जागा देणं, यातही बाहेरून फरक कळत नाही. म्हणून शांततेचा अर्थ लावत बसण्यात वेळ घालवू नका, तिच्यातून वाचण्यासारखं काही नसतं.

मेलला उत्तर नाही, तर फोन करू का? व्हॉट्सअ‍ॅपवर? की थेट मॅनेजरला लिहू?

रिक्रूटरने आधी ज्या वाटेने संपर्क केला ती वाट चालते. तो तुमच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत आला असेल तर तिथे एक निरोप ठीक. फोन केलात तर एकदाच, कामाच्या वेळेत, आणि उचलला नाही तर लगेच पुन्हा नाही. निळ्या खुणा बघून ‘वाचलं पण उत्तर दिलं नाही’ असं लिहिणं म्हणजे दार आपल्याच हाताने लावून घेणं.

मॅनेजरला थेट लिहायला हरकत नाही, पण रिक्रूटरला लिहून आठवडा गेल्यावर, आणि तक्रारीचा सूर न लावता. रिक्रूटर मधेच नोकरी सोडून गेलेला असतो असंही होतं. त्याचा मेल परत आला तर तेच झालं असं समजा आणि मॅनेजरला किंवा कंपनीच्या भरतीच्या सामाईक पत्त्यावर लिहा.

तीच जाहिरात परत लागलेली दिसली. म्हणजे मला नाकारलं?

असेलही, नसेलही. नोकरीच्या साइटवरच्या जाहिराती मुदत संपली की पुष्कळदा आपोआप नव्याने लागतात. काही ठिकाणी ऑफर स्वीकारली जाईपर्यंत जाहिरात उतरवतच नाहीत. कधी एकाच नावाच्या दोन जागा असतात. त्या जाहिरातीवर पुन्हा अर्ज मात्र करू नका. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाच्या दोन नोंदी होतात आणि मुलाखतीचे शेरे एकीकडे, नवा अर्ज दुसरीकडे असा घोळ होतो.

माझ्या हातात दुसरी ऑफर आहे, पण मला हीच नोकरी हवी आहे.

घाई करायला हे एकच कारण रिक्रूटरला खरंच हलवतं. लिहा: ‘मला दुसरीकडून ऑफर आली आहे आणि 20 तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती तुमच्याकडे आहे. त्याआधी निर्णय होण्याची शक्यता आहे का?’ हे घेऊन रिक्रूटर मॅनेजरकडे जाऊ शकतो. ज्या सहीला चार दिवस लागतात ती अशा वेळी दोन तासांत झालेली मी पाहिली आहे.

ऑफर नसताना आहे म्हणून सांगू नका. ‘मग ती घ्या, आमच्याकडे वेळ लागेल’ असं उत्तर आलं तर पुढे काय? आणि खरी ऑफर असेल पण 20 तारखेपर्यंत इकडून काहीच आलं नाही, तर हातातली घ्या.

मधे एजन्सी आहे. मग कोणाला लिहायचं?

एजन्सीच्या माणसाला. तुम्ही रुजू झालात तरच बहुधा त्याला पैसे मिळतात, म्हणून पुढे सरकतंय असं वाटलं की तो दिवसातून दोनदा फोन करतो, आणि थांबलं की गायब होतो. त्याला डावलून कंपनीला थेट लिहिलंत तर त्या दोघांच्या करारात तुम्ही विनाकारण अडकता. आभाराचा मेलही त्याच्यामार्फतच पाठवा. त्याला एक प्रश्न सरळ विचारता येतो जो कंपनीच्या रिक्रूटरला विचारता येत नाही: “त्यांनी शेवटचं तुम्हाला काय सांगितलं, आणि कोणत्या दिवशी?” उत्तर ‘बघतो’ असं आलं तर त्यालाही काही माहीत नाही.

किती वेळा विचारायचं? संपलं असं कधी धरायचं?

दोनदा. पहिला मेल वर सांगितला तसा. त्याला उत्तर आलं नाही तर आठवडा-दहा दिवसांनी दुसरा, आणखी छोटा: ‘मागच्या मेलला जोडून लिहिते आहे. जागा भरली गेली असेल तर तसं कळवलंत तरी चालेल.’ हे शेवटचं वाक्य काम करतं. नकार कळवायचा संकोच असलेल्या माणसाला ते मोकळं करतं, आणि कित्येकदा याच मेलला उत्तर येतं. त्यानंतर दोन आठवडे काही आलं नाही तर ती जागा तुमच्यापुरती बंद. तिसरा मेल नाही.

आमच्या उमेदवाराचा दुसरा मेल 27 तारखेला जायचा होता. ‘तारीख लिहून ठेवली होती,’ ती नंतर म्हणाली.

पण डोक्यातून जात नाही. दिवसभर इनबॉक्स उघडून बघते.

मीही बघायचे. स्पॅमचं फोल्डरसुद्धा, दिवसातून दहा वेळा. (एकदा तिथे खरंच मुलाखतीचं बोलावणं सापडलं होतं, त्यामुळे सवय आणखीच पक्की झाली. दिवसातून एकदा बघा, दहादा नको.)

मला उपयोग झाला तो एका साध्या तक्त्याचा. प्रत्येक जागेसाठी एक ओळ, आणि ओळीत चार रकाने: शेवटचं बोलणं कधी झालं, त्यांनी काय सांगितलं, मी पुढचा मेल कधी पाठवणार, आणि कोणत्या तारखेला ही ओळ बंद. ‘काय सांगितलं’मध्ये त्यांचेच शब्द लिहायचे. ‘छान झाली मुलाखत, पुढचा राउंड नक्की’ असं आपल्या मनाचं नाही. ‘टीमशी बोलून कळवतो’ म्हणाले असतील तर तेवढंच. महिन्याभराने ते रकाने वाचले तेव्हा कळलं की मी ज्या दोन जागांवर भिस्त ठेवून बसले होते, तिथे मला कोणी काहीच कबूल केलं नव्हतं. मॅनेजर हसून बोलला होता, एवढंच.

पुढच्या मेलची तारीख कागदावर असली की मधल्या दिवसांत ठरवण्यासारखं काही उरत नाही. आज लिहू का, की उद्या, की जास्त होईल, हा जो पीळ असतो तो त्यानेच सुटतो. आणि ऑफर लेटर लेखी हातात येईपर्यंत दुसरीकडचे अर्ज थांबवू नका. तोंडी ‘तुमचंच झालंय’ यावर राजीनामा दिलेले लोक मला भेटले आहेत.

नकाराचा मेल आला. त्याला उत्तर द्यायचं का? कारण विचारू का?

माणसाने लिहिलेला असेल तर दोन ओळी लिहा. ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून आला असेल तर सोडा. कारण विचारायचं तर ‘मी कुठे कमी पडले?’ असं मोघम नको. त्याला ‘आणखी योग्य उमेदवार मिळाला’ हेच छापील उत्तर येतं, कारण पुढे वाद किंवा कायदेशीर कटकट होऊ नये म्हणून कंपन्या लेखी कारणं टाळतात. ‘पुढच्या सहा महिन्यांत एक गोष्ट शिकायची तर कोणती शिकू?’ असं विचारलंत तर कधीकधी खरं काहीतरी हाताला लागतं, बहुधा फोनवर.

दोन महिने गप्प, आणि आता अचानक फोन: ‘अजून इंटरेस्टेड आहात का?’

घेतलेला माणूस टिकला नाही, किंवा गोठवलेली जागा सुटली. राग आला तरी तो फोनवर काढू नका, आणि लगेच होही म्हणू नका. विचारा: जागा तीच आहे का, मॅनेजर तोच आहे का, आधीच्या मुलाखती धरणार की पहिल्यापासून, आणि या वेळी निर्णय कोणत्या तारखेला. ती तारीख तक्त्यात नव्या ओळीत लिहा. जुनी ओळ बंदच राहू द्या.